पाइप बर्फ होतो तिथे फुटत नाही

प्रश्न: किचनच्या सिंकला सकाळपासून गार पाणी नाही, गरम पाण्याची अगदी बारीक धार येतेय. बाथरूमला सगळं ठीक. रात्री बाहेर उणे १८ होतं आणि सिंक बाहेरच्या भिंतीला लागून आहे. शेजारी म्हणतो, माझ्याकडे ज्वालेचा गॅस टॉर्च आहे, दहा मिनिटांत काम होईल. पाइप फुटलाय का? आता काय करू, आणि दर हिवाळ्यात हेच होणार का?

उत्तर:

गरम पाण्याची ती बारीक धार बंद करू नका. पुढचं वाचायच्या आधी उठा आणि गार पाण्याचा नळही पूर्ण उघडा, पाणी येत नसलं तरी. एकाच दांडीचा नळ असेल तर दांडी मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू उघड्या राहतील. सिंकखालच्या कपाटाची दारं सताड उघडा, आतल्या बाटल्या-डबे बाहेर काढा. मग घरात पाणी जिथून येतं तो मुख्य व्हॉल्व्ह शोधा आणि तो हाताने फिरतोय का बघून ठेवा. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी जाम झालेला असतो. शेजाऱ्याचे आभार माना, पण टॉर्च त्याच्याकडेच राहू द्या. कारण खाली सांगतो.

थंड हवेतल्या घरांची नळकामं करत मला वीसेक वर्षं झाली. अशा दिवशी लोक पाइप गोठणं आणि फुटणं एकच समजतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बहुतेकदा दोन वेगळ्या जागी घडतात आणि मध्ये काही तासांचं अंतर असतं. तुम्ही आत्ता त्या मधल्या वेळात आहात, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. शंभर टक्के खात्री इथे बसून देता येणार नाही. पाइप तांब्याचा आहे की प्लॅस्टिकचा, भिंतीत किती लांब जातो आणि रात्रभर नळ घट्ट बंद होता का, यावर बरंच अवलंबून आहे.

आत काय होतं ते आधी पाहू. स्थिर पाणी शून्याला लगेच गोठत नाही. पाइपमध्ये ते शून्याखाली काही अंश उतरेपर्यंत पाणीच राहतं आणि मग एकदम बर्फाच्या पिसांसारख्या नाजूक सुया पाइपभर पसरतात. तेवढ्याने धार बारीक होते किंवा थांबते. पण त्या क्षणी पाइपात घट्ट बर्फ थोडाच असतो, बाकी सगळं पाणी. त्यानंतर गारठा तसाच राहिला तर पाइपच्या आतल्या कडेपासून मध्याकडे बर्फ जमत जातो आणि शेवटी बूच बसतं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून आपल्याला वाटतं की बर्फ पाइपला आतून फाडतो. पण पाइप लांब असतो. वाढणारा बर्फ आडवा दाबण्याऐवजी समोरचं पाणी पुढे ढकलतो.

हे ढकललेलं पाणी जातं कुठे? रस्त्याकडच्या बाजूला ते मागे सरकू शकतं. नळाकडच्या बाजूला मात्र नळ बंद असतो. बर्फाचं बूच आणि बंद नळ यांच्यात थोडंसं पाणी कोंडतं, आणि पाणी जवळजवळ दाबलं जात नसल्याने बर्फ जरासा वाढला तरी तिथला दाब भराभर चढतो. एरवी घरातल्या पाइपात तीन-चार बार दाब असतो. कोंडलेल्या तुकड्यात तो शेकडो बारांवर जाऊ शकतो. मग त्या तुकड्यातली सर्वांत कमजोर जागा सुटते. ती एखादा जोड असेल, एखादं वळण असेल. बर्फापासून ती हातभर अंतरावर असेल किंवा पार उबदार खोलीतही असेल.

म्हणून मी सर्वांत आधी नळ उघडायला सांगितलं. नळ उघडा असला की ढकललेल्या पाण्याला वाट मिळते, कोंडी होत नाही. पाइप गोठलेला असूनही न फुटता वाचतो, तो यामुळेच.

एका घरचा प्रसंग सांगतो, कारण तुमच्याशी तो बराच जुळतो. सिंक बाहेरच्या भिंतीला, अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप, रात्रभर नळ बंद. घरमालकाने सकाळी हेअर ड्रायर मारला, अर्ध्या तासात पाणी आलं. खूश होऊन त्याने नळ बंद केला आणि कामाला निघून गेला. संध्याकाळी परतला तेव्हा तळघराच्या छतातून पाणी गळत होतं. बर्फ झाला होता तिथे, जिथे बाहेरून एक केबल भिंतीतून आत येत होती. त्या भोकातून वारा थेट पाइपवर येत होता. आणि पाइप फाटला होता तिथून दीड मीटरवर, डिशवॉशरच्या फाट्याजवळ, बऱ्यापैकी उबदार जागी. तांबं आधी फुगलं होतं आणि मग त्या फुगवट्यावर तीनेक सेंटीमीटरची चीर पडली होती. चिरेच्या कडा माशाच्या तोंडासारख्या बाहेर वळलेल्या. मालक पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अहो, गोठला होता इथे, मग फाटला तिथे कसा?"

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. पाइप फाटला रात्री, पण सकाळी गळती नव्हती. कारण मागचं बर्फाचं बूचच पाणी अडवून धरत होतं. ड्रायरने त्याने ते बूच काढलं आणि गळती सुरू झाली. अशा चिरेतून मिनिटाला दहा लिटर गेलं, तरी तासाला सहाशे लिटर होतात. त्यामुळे बर्फ वितळवताना कुणीतरी घरी असलंच पाहिजे, आणि पाणी आल्यावरही काही तास.

आता तुमचं घर. बाथरूमला पाणी आहे, म्हणजे मुख्य लाइन मोकळी आहे आणि बर्फ किचनकडे जाणाऱ्या फाट्याच्या पुढे कुठेतरी आहे. गरम आणि गार दोन्ही एकाच वेळी मंदावले, म्हणजे दोन्ही पाइप जिथे शेजारी शेजारी बाहेरच्या भिंतीतून किंवा तिच्या तळातून जातात, ती जागा धरा. सिंकखाली दिसणाऱ्या पाइपवर नळाच्या टोकापासून मागे मागे हात फिरवत जा. एखाद्या ठिकाणी बोट बर्फाला लावल्यासारखं वाटेल किंवा पाइपवर पांढरं दव दिसेल. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत तांब्यावर थेट धरू नका, तो पाइपऐवजी खोलीचंच तापमान दाखवतो. काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा पाइपवर चिकटवा आणि त्यावर रोखा.

त्याच वेळी डोळे उघडे ठेवून पाहा. पाइपला कुठे फुगवटा, चीर, जोडातून किंचित बाहेर सरकलेला पाइप, किंवा कपाटाच्या तळाला वाटीभर पाणी दिसतंय का? कोंडलेलं पाणी फाटताना एवढंसंच सांडतं. यातलं काहीही दिसलं तर आत्ताच मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि प्लंबरला बोलवा, वितळवत बसू नका. ओल एखाद्या विजेच्या सॉकेटपर्यंत पोचली असेल तर त्या सर्किटचा ब्रेकर आधी पाडा. ब्रेकरकडे जाताना पाण्यात उभं राहावं लागत असेल तर तिकडे जाऊच नका.

काही दिसलं नाही, तर वितळवायला घ्या. मुख्य व्हॉल्व्ह चालू ठेवावा की बंद, यावर आमच्यात दोन मतं आहेत. पाणी चालू असलं तर बुचाला छोटंसं भोक पडताच त्यातून वाहणारं पाणी उरलेला बर्फ झपाट्याने वितळवतं. बंद असलं तर फाटलेल्या पाइपमधून घर भिजत नाही. मी स्वतः मधला मार्ग घेतो. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करतो, जेमतेम धार येईल एवढाच उघडा ठेवतो आणि दुसऱ्या माणसाला त्याच्याजवळ उभा करतो. तुम्ही एकट्या असाल किंवा व्हॉल्व्हपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागत असतील, तर पूर्ण बंद करा आणि दर पंधरा मिनिटांनी जरासा उघडून बघा. ज्या वेळात व्हॉल्व्ह बंद असेल, त्या वेळात गरम पाण्याची धारही थांबणार, तेवढं स्वीकारा.

ऊब द्यायला साधा हेअर ड्रायर पुरतो. सुरुवात नळाच्या टोकाकडून करा आणि बर्फाच्या दिशेने मागे जा. एकदम मधोमध तापवलं तर वितळलेलं पाणी दोन्हीकडून बर्फात कोंडतं आणि टाळायचा तोच दाब आपण हाताने तयार करतो. एका वेळी वीतभर भाग, ड्रायर सतत हलता, पाइपपासून दहा-पंधरा सेंटीमीटरवर. हात आणि जमीन दोन्ही कोरडी हवीत. ड्रायर फार तापला तर त्यालाही पाच मिनिटं विश्रांती द्या. ड्रायर पोचत नाही तिथे गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळा आणि निवला की बदला.

"एवढ्याशा ड्रायरने काय होणार?" असं लोक विचारतात. हिशोब करून बघा. अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या पाइपात एका मीटरमध्ये जेमतेम १५० मिलिलिटर पाणी असतं. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे मीटरभर बर्फाला पन्नासच्या आसपास. १२०० वॉटच्या ड्रायरची नव्वद टक्के ऊब खोलीत वाया गेली आणि फक्त १२० वॉट पाइपला मिळाली, तरी सात मिनिटांत काम होतं. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास लागतो, तो बर्फ जास्त असतो म्हणून नव्हे. ऊब नेमक्या जागी पोचत नाही आणि मागून भिंत सतत गारठा पुरवत असते म्हणून. पाऊण तासानंतरही काही फरक नसेल, तर आणखी तापवण्यापेक्षा जागा चुकली असं समजा.

आता टॉर्च. पाइपमागे लाकूड आणि इन्सुलेशन असतं. ज्वाला दिसली नाही तरी भिंतीच्या पोटात लाकूड धुमसत राहतं आणि दोन-तीन तासांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर, पेट घेतं. शिवाय दोन्हीकडे बर्फ असलेल्या पाइपात मधलं पाणी उकळलं, तर वाफेला जागा नसते आणि पाइप तोंडावर फुटतो. तांब्याच्या जोडांचं सोल्डरही ज्वालेने सैल पडतं, आणि पाइप प्लॅस्टिकचा असेल तर तो सरळ वितळतो. रंग काढायच्या हॉट एअर गनलाही हेच लागू. ती काहीशे अंश तापते आणि हेअर ड्रायरची मोठी बहीण वाटली, तरी तिचं घराणं टॉर्चचंच आहे.

बर्फ भिंतीच्या आत असेल, तर दोन मार्ग. वेळ असेल तर कपाट उघडं ठेवून समोर साधा पंखा लावा, खोलीची उष्णता दोन-चार अंश वाढवा आणि वाट पाहा. काही तास लागतील. रूम हीटर लावला तर तो कपाटाच्या आत ठेवायचा नाही. पेट घेईल अशा वस्तूंपासून मीटरभर लांब ठेवायचा आणि तो चालू असताना खोली सोडायची नाही. वेळ नसेल तर कपाटाच्या पाठीला किंवा आतल्या जिप्सम बोर्डला वीतभर चौकोनी भोक पाडा. लोकांना याचं फार जिवावर येतं. पण ते भोक नंतर झाकण लावून झाकता येतं, आणि पुढच्या वर्षी तिथूनच पाइपकडे नजरही टाकता येते. भोक पाडायच्या आधी त्या भिंतीतली वीज बंद करा.

पाणी येताना आधी नळ खोकल्यासारखा फुरफुरतो आणि बर्फाचे तुकडे पडतात. नळाच्या तोंडाची जाळी आधीच काढून ठेवा, नाहीतर ती तुंबते आणि बर्फ अजून आहे असं वाटत राहतं. पूर्ण धार आल्यावर पाच-दहा मिनिटं वाहू द्या, मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडा आणि मग गळतीची परीक्षा घ्या. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने परत बघा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी जातंय, मग भिंत वरून कोरडी का दिसेना.

दर हिवाळ्यात हेच होणार का, तर आहे तसं सोडलं तर हो. पण बाजारात मिळणारी फोमची नळी पाइपला चढवली की झालं, हा समज आधी सोडा. फोम ऊब तयार करत नाही, आहे ती जाण्याचा वेग कमी करतो. रात्रभर पाणी न हललेला पाइप फोमच्या आतही गोठतो, फक्त काही तास उशिरा. पाइपला ऊब मिळते ती तुमच्या खोलीतून. तुम्हाला दोनच गोष्टी साधायच्या आहेत. बाहेरची हवा पाइपपर्यंत येऊ द्यायची नाही, आणि खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचू द्यायची.

हवेची गळती शोधायला वाऱ्याचा दिवस निवडा. टिश्यूची बारीक पट्टी केबलच्या भोकाशी, पाइप भिंतीत शिरतात तिथे आणि भिंत पायावर टेकते त्या सांध्याशी धरा. पट्टी हलली की जागा सापडली. बारीक फट सीलंटने, मोठी फट फोम स्प्रेने बुजवा. माझ्या अनुभवात गोठण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त एवढ्यानेच बंद होतात. इन्सुलेशन घालायचं तर पाइप आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये घाला. पाइप आणि खोली यांच्यामध्ये काहीही नको. पाइपभोवती सगळीकडून लोकर कोंबून तो खोलीपासून तोडल्याची घरं मी दर वर्षी पाहतो. प्रेमाने पांघरूण घातलेलं असतं, पण आत पाइप एकटा पडलेला असतो.

तुमचं कपाट किती गारठ्यापर्यंत टिकेल, हे मोजता येतं. लांब वायरचा सेन्सर असलेला साधा थर्मामीटर घ्या, सेन्सर पाइपशेजारी मागच्या भिंतीला चिकटवा आणि फारशी थंडी नसलेल्या रात्री, दारं बंद ठेवून, पहाटे आकडा बघा. समजा खोलीत २०, बाहेर उणे ५ आणि पाइपशेजारी ६ आहे. बाहेर आणि आत यांत २५ अंशांचं अंतर, त्यातले ११ अंश पाइपच्या वाट्याला आले, म्हणजे साधारण ४४ टक्के. हे प्रमाण वारा नसेल तर बरंचसं तसंच राहतं. बाहेर उणे १८ झालं की अंतर ३८ होतं, त्याचे ४४ टक्के म्हणजे १७. म्हणजे पाइपशेजारी उणे १. असं कपाट बाहेर उणे १५-१६ असतानाच शून्याला टेकतं.

आता दारं उघडी ठेवून तसंच मोजा. आकडा ६ वरून १० वर गेला, तर पाइपचा वाटा ६० टक्के झाला, आणि तोच हिशोब शून्याची वेळ उणे ३० पर्यंत मागे ढकलतो. उलट, बचत म्हणून रात्री खोली १५ वर आणली, तर बंद दारांचं कपाट उणे १२ लाच शून्यावर येतं. आकडे तुमच्या घरात वेगळे निघतील, आणि वारा असला तर चार-पाच अंश राखीव धरा. पण कोणत्या रात्री दारं उघडी ठेवायची आणि कोणत्या रात्री थर्मोस्टॅट खाली आणायचा नाही, हे अंदाजाने ठरवायची गरज उरत नाही.

हिशोब शून्याजवळ जाईल त्या रात्री दोन्ही नळांतून बारीक धार सोडा, पेन्सिलच्या शिशाएवढी. हलत्या पाण्याबरोबर थोडी ऊब येत राहते, आणि बर्फ झालाच तरी कोंडीला वाट उघडी असते. एवढं बघा की सिंकचा निचऱ्याचा पाइपही बाहेरच्या भिंतीतून किंवा थंड जागेतून जात नाही ना. तसा असेल तर बारीक धार त्यातच थराथराने गोठते आणि सकाळी सिंक काठोकाठ भरलेलं सापडतं. तिथे धार चालणार नाही, ऊबच वाढवावी लागेल.

हे सगळं करूनही जमत नसेल तर हीटिंग केबल. स्वतःचं तापमान स्वतः सांभाळणारी, तुमच्या पाइपच्या प्रकाराला चालणारी केबल घ्या, आणि ती अर्थ लीकेज संरक्षण असलेल्या सॉकेटलाच जोडा. ठरावीक वॉटची केबल एकावर एक वेढे येऊ दिली की त्या जागी जळते. केबलवर फोम चढवावा की नाही, हे तिच्या कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय गुंडाळू नका.

घर काही दिवस बंद ठेवणार असाल तर यातलं काहीही भरवशाचं नाही, कारण वीज गेली की ऊबही गेली. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा, हीटिंग १३ अंशांच्या खाली आणू नका. हीटिंग पाण्यावर चालणारं असेल तर त्याला पाणी कुठून मिळतं, हे व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी बघा.

आज संध्याकाळपर्यंत पाणी आलं की दिसलेली जागा, पाइपचा प्रकार आणि मीटरची परीक्षा काय निघाली ते इथेच लिहा. आणि बाहेरच्या नळाला बागेची रबरी नळी अजून लावलेली असेल तर आजच काढा. ती लावलेली राहिली की न गोठणारा म्हणून बसवलेला नळसुद्धा रिकामा होत नाही, भिंतीच्या आत फाटतो, आणि ते कळतं उन्हाळ्यात पहिल्यांदा झाडांना पाणी घालताना.